उजवं फुप्फुस पडद्यावर डावीकडे : नर्सिंगच्या एका ऑनलाइन पाठाच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

आमच्याकडे नोकरी सांभाळून शिकणाऱ्या २३ सिस्टर आहेत. सगळ्या जीएनएम झालेल्या, कुणी आयसीयूत, कुणी प्रसूतिगृहात, दोघी-तिघी तालुक्याच्या दवाखान्यात. शनिवार-रविवारच्या तासांना निम्म्याच येतात, कारण ड्युटी बदलून मिळत नाही. श्वसनसंस्थेचा भाग दर वर्षी घाईघाईत उरकला जातो. म्हणून यंदा तो मोबाइलवर स्वतः शिकता येईल असा करायचा ठरवला. मध्ये मध्ये प्रश्न, शेवटी छोटी चाचणी. कॉलेजची मूडल ही ऑनलाइन शिकवण्याची साइट आहेच, त्यामुळे जागेचा खर्च नाही.

आज बसून विषयांची यादी केली. नाकापासून सुरुवात केली आणि वायुकोशांपर्यंत पोचले तेव्हा १४ मुद्दे झाले होते. प्रत्येकाला दहा मिनिटं धरली तरी दोन तास वीस मिनिटं. नाइट करून सकाळी एसटीत बसलेली बाई हे कधी पाहणार?

मग उलटं केलं. वॉर्डात या बायकांचा हात कुठे अडतो ते लिहून काढलं. श्वासासाठी घातलेली ट्यूब जास्त आत सरकली की एका बाजूचा आवाज का जातो, हे निम्म्या जणींना सांगता येत नाही. आणि छाती ऐकायची म्हटली की सगळ्या स्टेथोस्कोप घेऊन पाठीकडे जातात. या दोन गोष्टींना जेवढी रचना लागते तेवढीच ठेवली : ट्रेकिया, ती जिथे दुभंगते ती कॅरायना, तिथून निघणारे दोन्ही मेन ब्राँकस, आणि फुप्फुसाचे भाग म्हणजे लोब छातीवर नेमके कुठे येतात. तीन भाग, प्रत्येकी सात मिनिटं. नाक, घसा, स्वरयंत्र, वायुकोश सगळं बाहेर. सहकारी मॅडम म्हणाल्या, “अर्धीच सिस्टिम शिकवणार का?” हो.

१३ जून

पहिल्या भागाचा मजकूर लिहिला, तोही हौसेने शुद्ध मराठीत. श्वासनलिका, श्वसनी, श्वसनिका, फुप्फुसावरण. दोघींना वाचायला पाठवला. एकीचा लगेच फोन : “मॅडम, श्वसनी म्हणजे ब्राँकस की ब्राँकिओल?” दुसरीने श्वसनिका हाच शब्द ट्रेकियासाठी धरून अर्धा मजकूर वाचला होता.

यांची परीक्षा इंग्रजीत, वॉर्डातली भाषा इंग्रजी शब्दांची. रुग्णाच्या आईला समजावताना त्या ‘श्वासाची नळी’ म्हणतात, डॉक्टरांशी बोलताना ‘ट्रेकिया’. पुस्तकी मराठी शब्द दोन्हीकडे नाही. म्हणून वाक्यं मराठी आणि अवयवांची नावं ट्रेकिया, ब्राँकस, लोब, फिशर अशीच, देवनागरीत. पुन्हा लिहायला एक संध्याकाळ गेली. हे आधी दोघींना विचारलं असतं तर वाचलं असतं.

१८ जून

चित्रांनी दोन दिवस खाल्ले. विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याची चांगली चित्रं आहेत, पण ती पानभर आकारासाठी काढलेली. माझ्या साडेसहा इंची फोनवर पाहिली तर नावं मुंगीएवढी. बोटांनी मोठं केलं की बाण एकीकडे आणि नाव पडद्याबाहेर.

शेवटी इंकस्केपमध्ये स्वतः रेषाचित्र काढलं. ट्रेकिया, कॅरायना, दोन ब्राँकस, बस्स. नावं न लिहिता नुसते आकडे, जाड गोलात. रंग दोनच. एका चित्रात पाचाहून जास्त आकडे नकोत हा नियम केला. माझं चित्र काही सुंदर नाही, पण प्रमाण सांभाळलंय : उजवा मेन ब्राँकस सुमारे अडीच सेंमी, डावा त्याच्या दुप्पट म्हणजे ५ सेंमी. उजवा उभ्या रेषेपासून साधारण २५ अंश वळतो, डावा ४५ अंश. उजवा रुंदही जास्त. बऱ्याच सोप्या चित्रांत दोन्ही फाटे इंग्रजी वाय अक्षरासारखे एकसारखे काढतात आणि खाली लिहितात, उजवा जास्त उभा असतो. चित्र एक सांगतं आणि ओळ दुसरंच. लक्षात चित्रच राहतं.

वेळ : चित्रांना एकूण अकरा तास. त्यातले चार परवान्यांच्या अटी वाचण्यात.

२३ जून

तिसऱ्या भागासाठी व्हिडिओ. लोबच्या सीमा प्रत्यक्ष छातीवर दाखवायच्या होत्या. पांढरा टी-शर्ट आणला (१८० रुपये), त्यावर मार्करने रेषा ओढल्या आणि आमच्या एका ब्रदरना घालायला लावला.

रेषा अशा. आधी स्टर्नल अँगल शोधायचा. गळ्याखालच्या खळग्यातून बोट खाली सरकवलं की पाच-एक सेंमीवर हाडाचा आडवा उंचवटा लागतो, तो. त्याला चिकटलेली बरगडी दुसरी. तिथून खाली मोजत चौथ्या बरगडीपर्यंत यायचं. उजव्या बाजूला चौथ्या बरगडीच्या कूर्चेपासून आडवी रेषा काखेकडे न्यायची, ती हॉरिझाँटल फिशर, म्हणजे दोन लोबमधली आडवी खाच. ऑब्लिक फिशर पाठीवर तिसऱ्या थोरॅसिक मणक्यापाशी सुरू होते, काखेच्या मध्यरेषेत पाचव्या बरगडीवरून पुढे येते आणि समोर सहाव्या बरगडीशी संपते. उजवीकडे या दोन रेषांमध्ये पाचरीसारखा जो भाग उरतो, तो मधला लोब. डावीकडे आडवी रेषा नाही, म्हणून मधला लोबही नाही.

ब्रदरना हात वर करायला सांगितला आणि सगळं फसलं. हात वर गेला तसा टी-शर्टही वर गेला आणि चौथ्या बरगडीची रेषा गळपट्टीच्या हाडाकडे निघाली. खरं तर हात डोक्यावर घेतला की खांद्याच्या फऱ्याची आतली कड तिरपी होते आणि ऑब्लिक फिशर जवळजवळ तिच्याच रेषेत येते. वॉर्डात ही खूण फार कामाची, आणि नेमकी तीच टी-शर्टवर दाखवता येईना.

मग टी-शर्ट काढला आणि थेट अंगावर मायक्रोपोअर टेप लावली. पांढरी टेप गव्हाळ कातडीवर स्पष्ट दिसते, निघतेही सहज. टी-शर्ट आता घरी फरशी पुसायला.

२४ जून

कालचा व्हिडिओ घरी लावला. काहीतरी खटकत होतं, पण काय ते दहा मिनिटं कळेना. मग दिसलं : मधला लोब हृदयाच्या बाजूला आला होता!

मी फोन स्टँडवर लावून सेल्फी कॅमेऱ्याने घेतलं होतं, म्हणजे चौकट मला दिसत राहील. माझा फोन सेल्फी कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटूनच साठवतो. अंगावर कुठे अक्षर नव्हतं, भिंतीवर कॅलेंडर नव्हतं, त्यामुळे उलटं आहे हे ओळखायला काही खूणच नाही. शरीररचना शिकवणारी मी, माझ्याही लक्षात यायला दहा मिनिटं लागली. शिकणारीने तर जसंच्या तसं पाठ केलं असतं.

व्हिडिओ उलटवून घेता आला असता, पण आवाजही पंख्यामुळे खराब होता. ९०० रुपयांचा कॉलर माइक घेतला. ब्रदरना परत बोलावलं (दोन वडापाव आणि माझी माफी), मागच्या कॅमेऱ्याने घेतलं. यावेळी दोन्ही खांद्यांवर टेप लावून ‘उ’ आणि ‘डा’ लिहिलं. एक्स-रेवर कोपऱ्यात आर किंवा एल असतं, तसंच. ही अक्षरं पुढे किती उपयोगी पडतील याची तेव्हा कल्पना नव्हती.

फोनवर घेतलेली फाइल जड असते. कमी डेटावर चालावी म्हणून अशी लहान केली :

```
ffmpeg -i bhag3.mp4 -vf scale=-2:480 -c:v libx264 -crf 28 -c:a aac -b:a 64k bhag3_480.mp4
```

टेपच्या रेषा ४८० मध्येही नीट दिसतात. त्याखाली नेऊन पाहिलं तर फऱ्याची कड पुसट होते.

३० जून

शेवटच्या चाचणीचे १२ प्रश्न लिहिले. मूडलमध्ये एकेक भरण्यापेक्षा GIFT नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहून एकदम आत घेता येतात. दोन ठेचा लागल्या.

पहिली : ऑफिसातल्या जुन्या संगणकावर नोटपॅडमध्ये फाइल साठवली. ती ANSI म्हणून साठली आणि मूडलमध्ये सगळे प्रश्न ‘???? ??? ?????’ असे आले. मूळ फाइलमधलं मराठीही गेलं, कारण साठवतानाच ते पुसलं गेलं होतं. बारापैकी सात प्रश्न वहीत होते म्हणून वाचले. `Save As` मध्ये `Encoding` समोर `UTF-8` निवडा, आणि बंद करण्याआधी फाइल पुन्हा उघडून पाहा.

दुसरी : एका पर्यायात मी ‘~४५ अंश’ लिहिलं होतं, साधारण या अर्थाने. GIFT मध्ये ते वळणदार चिन्ह म्हणजे नवा चुकीचा पर्याय. चार पर्यायांच्या प्रश्नाला पाच पर्याय झाले आणि पाचवा नुसता ‘४५ अंश’. चिन्हाआधी उलटी तिरपी रेघ दिली की चालतं. मी सरळ ‘सुमारे’ लिहिलं.

५ जुलै

नऊ जणींना पहिली फेरी दिली. पाठातले मधले प्रश्न मी H5P या प्रश्न बनवायच्या साधनात केले होते आणि संपादकातलं बटण वापरून मूडलच्या पानात बसवले होते. सगळं छान चाललं. प्रश्न आले, उत्तरं दिली, हिरव्या खुणा आल्या. संध्याकाळी गुणपत्रक उघडलं तर कोरं.

पानात असे बसवलेले प्रश्न फक्त चालतात, गुण कुठे नोंदवत नाहीत. नोंद हवी तर तीच फाइल स्वतंत्र H5P अ‍ॅक्टिव्हिटी म्हणून घालावी लागते आणि तिच्या सेटिंगमध्ये `Enable attempt tracking` चालू असावं लागतं. नऊ जणींनी ड्युटीनंतर जागून केलेलं काम वाया. त्यांना पुन्हा करा म्हणायची लाज वाटली. आठवडा जाऊ दिला.

१३ जुलै

दुसरी फेरी, त्याच नऊ जणी, यावेळी नोंदी आल्या. बहुतेक प्रश्न बरे गेले. पाचव्याने मात्र मला हादरवलं. प्रश्न असा : ट्यूब ओठांपाशी २२ सेंमीवर बांधली होती, रुग्णाला कुशीवर वळवल्यावर २६ दिसते आहे, टोक कुठे गेलं असण्याची शक्यता जास्त? हे तर जीएनएमच्या पहिल्या वर्षापासून ऐकलेलं. नऊपैकी सहा जणींनी ‘डावा मेन ब्राँकस’ निवडलं.

पहिला विचार आला तो असा की पाठ पाहिलाच नाही, नुसतं टिचकी मारत गेल्या. पण नोंदीत वेळ दिसत होता. सहाही जणींनी दुसरा भाग पूर्ण पाहिलेला. म्हणून फोन केले. आयसीयूतल्या सिस्टरला विचारलं, डावा का? म्हणाली, “कारण तो जास्त रुंद आणि सरळ खाली जातो ना मॅडम. चित्रात तुम्हीच काढलाय.”

कारण अगदी बरोबर, उत्तर चूक. माझ्या चित्रातली व्यक्ती पाहणारीकडे तोंड करून आहे, त्यामुळे तिचा उजवा ब्राँकस पडद्याच्या डाव्या बाजूला येतो. तिने चित्र मनात आणलं, रुंद नळी डावीकडे दिसली, ‘डावा’ लिहून मोकळी झाली. उरलेल्या तिघींनाही फोन केला, ज्यांचं बरोबर आलं होतं. त्यातल्या दोघी म्हणाल्या की चित्र काही नीट पाहिलं नाही, ‘उजव्यात जातं’ हे पूर्वीपासून पाठच आहे.

म्हणजे माझा प्रश्न पाठ करणारीला गुण देत होता आणि चित्रावरून विचार करणारीचे कापत होता. फोन केले नसते तर मी ब्राँकसची रुंदी आणि कोन आणखी एकदा समजावून सांगितला असता, जो त्यांना आधीच कळला होता.

१४ जुलै

दुरुस्ती तीन ठिकाणी केली.

सगळ्या चित्रांवर ‘उ’ आणि ‘डा’ घातलं, व्हिडिओतल्या टेपसारखंच. पाठीमागून दाखवलेल्या चित्रात तर ते हवंच, कारण तिथे बाजू पुन्हा पाहणारीच्या बाजूंशी जुळतात आणि समोरच्या चित्राची सवय झालेली तिथे गोंधळते.

पाठाच्या अगदी सुरुवातीला, शरीररचनेचा एक शब्दही सांगण्याआधी, एक प्रश्न टाकला. तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी उभ्या आहात, रुग्ण उताणा, आयव्ही त्याच्या उजव्या हाताला आहे. तुम्हाला ती कुठल्या बाजूला दिसेल? हे रोज पाहतात, त्यामुळे कुणी चुकत नाही. पुढचं वाक्य : या पाठातलं समोरून काढलेलं प्रत्येक चित्र पायथ्याशी उभं राहून पाहायचं.

तिसरं म्हणजे पाचव्या प्रश्नाच्या चुकीच्या पर्यायांना वेगवेगळं उत्तर दिलं. आधी तिथे सगळ्यांना एकच ओळ होती, ‘चूक. पुन्हा वाचा.’ काय पुन्हा वाचा? आता असं आहे :

```
::ट्यूब २६ वर::ट्यूब २२ सेंमीवर बांधली होती. रुग्णाला वळवल्यावर ओठांपाशी २६ दिसते. टोक बहुधा कुठे गेलं?{
=रुग्णाच्या उजव्या मेन ब्राँकसमध्ये#बरोबर. तो रुंद, आखूड आणि जास्त उभा आहे. आता डाव्या छातीवर आवाज ऐका.
~रुग्णाच्या डाव्या मेन ब्राँकसमध्ये#रुंद नळी पडद्यावर डावीकडे दिसली म्हणून निवडलंत का? उ आणि डा या खुणा पाहा.
~अन्ननलिकेत#ट्यूब ट्रेकियात होती आणि चार सेंमी आत गेली. बाहेर येऊन दुसरीकडे शिरलेली नाही.
~कॅरायनाच्या वरच#चार सेंमी आत सरकल्यावर कॅरायनाच्या वर राहायला बहुधा जागा उरत नाही. अंतर पाहा.
}
```

चौथा पर्याय लिहिताना मी स्वतः अडखळले. प्रौढात २२ वर बांधलेल्या ट्यूबचं टोक साधारणपणे कॅरायनाच्या काही सेंमी वर असतं, आणि मान पुढे वाकवली की तेच टोक आणखी खाली जातं. म्हणून ‘बहुधा’. ‘नक्की’ लिहिण्याचा मोह टाळला, कारण नक्की काय ते एक्स-रे सांगतो.

उरलेले प्रश्नही याच नजरेने वाचले. ‘खालीलपैकी कोणता लोब डाव्या फुप्फुसात नसतो?’ यात ‘नसतो’ शेवटी येतं. मराठीत नकार वाक्याच्या शेपटीला असतो, आणि झोपेला आलेली बाई तिथवर पोचायच्या आत पर्यायांवर गेलेली असते. तीन जणी तिथेच चुकल्या होत्या. सरळ विचारलं : ‘मधला लोब कुठल्या फुप्फुसात असतो?’ असे चार नकारी प्रश्न होते, चारही बदलले. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय दोन ठिकाणी होता आणि दोन्ही ठिकाणी तोच बरोबर होता. तोही काढला.

२१ जुलै

लोबची नावं ओढून छातीवर टाकायचा प्रश्न मला फार आवडला होता. संगणकावर सुंदर चालतो. फोनवर चित्र लहान होतं, त्याबरोबर टाकायच्या चौकटीही लहान होतात, आणि ‘राइट मिडल लोब’ ही पट्टी बोटाखाली झाकली जाते. एकीने सात वेळा प्रयत्न करून सोडून दिलं. तिचं उत्तर माहीत होतं, बोट बसत नव्हतं. स्पर्शाचा प्रश्न शरीररचनेचा गुण खात होता.

काढून टाकला. त्याच चित्रावर १ ते ५ आकडे आणि साधा बहुपर्यायी प्रश्न. तो प्रश्न बनवायला साडेतीन तास लागले होते, काढायला दीड मिनिट.

२८ जुलै

तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरने कळवलं की क्वार्टरवर रेंज नाही, गच्चीवर जाऊन चाचणी देते. मूडलच्या अ‍ॅपमध्ये चाचणी आधी उतरवून घेऊन रेंजशिवाय सोडवता येते. म्हणून ती सोय चालू करायला गेले, तर जमेना. ती फक्त `Deferred feedback` पद्धतीत चालते, म्हणजे सगळं सोडवून झाल्यावर शेवटी शेरे. मी तर `Interactive with multiple tries` ठेवलं होतं, चुकलं की लगेच कारण आणि दुसरी संधी. शिवाय चाचणीला वेळेची मर्यादाही असून चालत नाही.

दोन्ही एकत्र मिळत नाही, तेव्हा काय सोडायचं? लगेच मिळणारा शेरा मला महत्त्वाचा होता, कारण उजव्या-डाव्याचा गुंता तिथेच सुटतो. शेवटी वाटणी केली. तिन्ही भागांतले मधले प्रश्न लगेच शेरा देणारे. शेवटची बारा प्रश्नांची चाचणी `Deferred feedback`, वेळेची मर्यादा काढली, रेंजशिवाय चालेल अशी. दहा मिनिटांची मर्यादा मी का घातली होती तेही आठवत नाही. परीक्षेला असते म्हणून घातली असावी.

४ ऑगस्ट

तेवीसही जणींना पाठ उघडला. पाचव्या प्रश्नावर यावेळी दोनच ‘डावा’ आले. नवा अडकलेला प्रश्न अकरावा : उजव्या मधल्या लोबचा आवाज कुठे ऐकाल? आठ जणींनी पाठीवर खाली असं लिहिलं.

हे उजव्या-डाव्याचं नव्हतं. पाठीवर फिशर तिसऱ्या मणक्यापाशीच सुरू होते, म्हणजे तिच्या वर थोडासा अपर लोब आणि खाली सगळा लोअर लोब. मधला लोब पाठीपर्यंत पोचतच नाही, तो पुढे आणि काखेच्या बाजूला. व्हिडिओत मी हे एका वाक्यात म्हटलं होतं, पण कॅमेरा तेव्हा समोर होता. पाठ कोरी आहे हे दाखवलंच नव्हतं. ब्रदरना तिसऱ्यांदा बोलावलं. बारा सेकंदांचा तुकडा : मधल्या लोबभोवती समोर टेप, मग ते सावकाश वळतात, काखेपाशी टेप संपते, पाठीवर मधल्या लोबची टेप नाही. बोलणं काही नाही. तो तुकडा पाठात घातला आणि त्या आठ जणींना अकरावा प्रश्न वेगळ्या चित्रासह पुन्हा पाठवला. आठपैकी सात बरोबर.

११ ऑगस्ट

रविवारच्या तासाला १३ जणी आल्या. सगळ्यांची चाचणी झालेली, अकरावा प्रश्न सगळ्यांचा बरोबर. मी जोड्या लावल्या आणि म्हटलं, शेजारणीच्या छातीवर मधला लोब ऐकून दाखवा.

तेरापैकी पाच जणींनी स्टेथोस्कोप गळपट्टीच्या हाडाखाली दोन बोटांवर ठेवला. तिथे अपर लोब आहे. चाचणीत याच पाच जणींनी चौथ्या-पाचव्या बरगडीच्या मधल्या जागेवर बरोबर बोट ठेवलं होतं. एकीला विचारलं तर ती ओशाळली. “जागा माहितीये मॅडम. पण खाली कसं ठेवू?”

माझ्या प्रत्येक चित्रात आणि प्रत्येक व्हिडिओत पुरुषाची छाती. बाईच्या छातीवर नेमकी त्या जागी स्तन येतो, आणि तिथे काय करायचं हे मी कुठेच सांगितलं नव्हतं. वॉर्डात या बायका रोज तेच करत असणार. जागा माहीत असूनही वर ऐकायचं आणि ‘आवाज नॉर्मल’ लिहायचं. ऑनलाइन चाचणी हे पकडूच शकत नव्हती. तिथे सगळ्यांना पूर्ण गुण होते.

तासालाच करून दाखवलं. आधी रुग्णाला सांगायचं, पडदा ओढायचा, तिलाच हाताने स्तन थोडा वर आणि आतल्या बाजूला धरायला सांगायचं आणि खालून स्टेथोस्कोप बरगड्यांच्या मध्ये टेकवायचा. तिला शुद्ध नसेल तर आपल्या हाताच्या मागच्या बाजूने. तेही अवघड असेल तर काखेच्या पुढच्या कडेच्या रेषेत पाचव्या जागेत ठेवायचा, मधला लोब तिथेही असतो. कपड्यावरून ऐकायचं नाही, कापडाची खसखस क्रेपिटेशनसारखी वाटते.

१८ ऑगस्ट

हे पाठात घालायचंय. व्हिडिओसाठी कुणाला विचारायचं हा प्रश्न होता. सहकारी मॅडम (त्याच, अर्धी सिस्टिम म्हणणाऱ्या) म्हणाल्या, व्हिडिओ नको, रेषाचित्र काढ, चेहऱ्याशिवाय. बरोबर आहे, मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टीचा भरवसा नाही. चार चित्रं काढते आहे : हात कुठे, स्टेथोस्कोप कुठे, ‘उ’ आणि ‘डा’ खांद्यांवर. दोन झाली. तिसऱ्यात बोटं अजून केळ्यांसारखी दिसतात.

आतापर्यंतचा खर्च ११८० रुपये : माइक, टी-शर्ट, टेप, वडापाव. वेळ वहीत ७४ तास लिहिलाय, पाठ एकवीस मिनिटांचा. ‘पाठीवर खाली’ म्हणणारी आठवी सिस्टर रात्रपाळीत आहे, तिच्याशी बोलणं व्हायचंय.